तेरवीनंतरचं ऋणपत्र: पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी

तेरवीची पंगत उठते, मांडववाला खुर्च्या घेऊन जातो, लेकी सासरी परततात आणि घरातल्या मुलासमोर एक काम उरतं. इतके दिवस जी माणसं धावून आली, त्यांना दोन ओळी लिहायच्या असतात. पूर्वी हे वेगळं करावं लागत नसे. आज त्यांनी आपल्या दारात भाकरीचं टोपलं आणलं, उद्या त्यांच्यावर वेळ आली की आपण न्यायचं, अशी ती फेड आपोआप होत राहायची. आता मुलगा पुण्यात नोकरीला असतो आणि तेरवी झाली की दोन दिवसांत बॅग भरतो. भाकरी देणाऱ्यांच्या दुःखात तो गावात असेलच असं नाही. म्हणून लिहावं लागतं, आणि लिहायला बसलं की कळतं की असं पत्र आपण कधी पाहिलेलंही नाही.

उदाहरणासाठी लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातलं एक शेतकरी घर धरू. वडील गेले ते जूनमध्ये, ऐन पेरणीच्या तोंडावर. आई गावात, थोरला मुलगा पुण्यात, मुलगी उदगीरला दिलेली. चार घरांची भावकी आणि सख्खे शेजारी. घर माळकरी. हे घर मनाने रचलेलं आहे, पण मराठवाड्यात कुणालाही ते ओळखीचं वाटेल.

आधी यादी, मग मजकूर

बहुतेक जण थेट मजकूर लिहायला घेतात आणि तिथेच गाडी अडते. कुणी काय केलं हे मुलाला अर्धंच माहीत असतं. तो दवाखान्यात होता, मग मातीला पुढे होता, मग राख सावडायला, मग दहाव्याला नदीवर. घरात कोण काय करत होतं, ते त्याने पाहिलेलंच नसतं. त्यामुळे पुरुषांची नावं त्याला भराभर आठवतात आणि भाकरी थापणाऱ्या बायकांच्या जागी "भावकीतल्या बायका" एवढंच उरतं.

ही यादी बहिणीकडून किंवा चुलतीकडून काढून घ्यावी. आईला लगेच विचारू नये, आणि विचारलंच तर ती बोलेल तेवढंच ऐकावं. घरात चूल पेटत नव्हती तेव्हा सकाळची भाकरी कुठून आली, संध्याकाळचं वरण-भात कुणाकडून आलं, सकाळपासून बसायला येणाऱ्यांच्या चहाला दूध कुणी घातलं, म्हशीची धार कोण काढत होतं, लेकरांना जेवू घालून कुणाच्या घरी झोपवलं, असं एकेक काम धरून विचारलं की नावं निघत जातात. "कुणी कुणी मदत केली?" असं एकदम विचारलं तर "सगळ्यांनीच केली" हेच उत्तर मिळतं.

घरात साचलेली परकी भांडी ही दुसरी यादी. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नावं कोरलेली असतात. ती पातेली आणि डबे परत करण्याआधी प्रत्येकाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. कोरड्यास कुणाकडून आलं याचा त्याहून पक्का पुरावा नाही. भाकरीच्या टोपल्यावर आणि दुरडीवर मात्र नाव नसतं, ती बायकांनाच ओळखू येतात.

तिसरं साधन म्हणजे फोन. त्या रात्रीची कॉलची यादी पाहिली की दवाखान्यात कोण पोचलं, गाडी कुणी आणली, पाहुण्यांना कळवण्याची जबाबदारी कुणी घेतली, हे लक्षात येतं. तेरवीला दुखवट्याचा आहेर वहीत लिहिला असेल तर ती वही पाहावी, पण तेवढ्यावर यादी बेतू नये. टॉवेल-टोपी आणणारा त्या वहीत असतो. भर पावसात ताडपत्री धरून उभा राहिलेला पोरगा तिच्यात नसतो.

आमच्या उदाहरणातल्या स्मशानभूमीला शेड नव्हतं. लाकडं भिजू नयेत म्हणून चार पोरांनी सरण रचून होईपर्यंत ताडपत्री वर धरली होती. त्यांतल्या दोघांची नावं मुलाला माहीतच नव्हती, ती चुलतभावाने सांगितली. अशी नावं यादीत आली की यादी खरी झाली असं समजावं.

कधी लिहायचं

तेरवीच्या आधी लिहू नये. सुतक चालू असताना घरातून असा निरोप गेला तर जुन्या माणसांना खटकतं, आणि तोवर निम्मी मदत व्हायचीच असते. तेरवीला कीर्तनानंतर किंवा श्रद्धांजलीच्या वेळी घरातल्या कुणीतरी माइकवर दोन वाक्यं बोलावीत, तेवढं त्या दिवसाला पुरे. लेखी निरोप तेरवीनंतर आठ-दहा दिवसांत जावा. महिना उलटला तरी चालतं, पण मग सगळ्यांना एकच मेसेज पाठवण्यापेक्षा एकेकाला वेगळं लिहिलेलं बरं.

सगळ्यांसाठीचा निरोप

जे मातीला आले, सावडायला आले, नंतर बसून गेले किंवा ज्यांनी लांबून फोन केला, त्या सगळ्यांसाठी एक सामाईक निरोप लागतो. तो लिहिताना हमखास असं होतं:

"आमचे वडील कै. … यांच्या दुःखद निधनाप्रसंगी आपण उपस्थित राहून कार्यक्रमाची शोभा वाढवलीत याबद्दल मनःपूर्वक आभार. आपले प्रेम व सहकार्य असेच राहू द्यावे व पुन्हा संधी द्यावी."

हसू येईल, पण असे मेसेज खरंच फिरतात, कारण नमुना म्हणून हाताशी लग्नाची किंवा दुकानाच्या उद्घाटनाची पत्रिका असते. तिथून आलेला "शोभा", "उपस्थिती", "कार्यक्रम" आणि "संधी" हा सगळा ऐवज काढून टाकायचा. "पुन्हा" हा शब्द तर कुठेच नको. दुःखाच्या घरून उठताना आपण "येतो" म्हणत नाही आणि घरचेही "या" म्हणत नाहीत. तोच संकोच पत्रातही पाळावा. "असेच येत राहा" हे कितीही मायेने लिहिलं तरी वाचणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या काळजात चर्र होतं.

त्याऐवजी असं लिहिता येईल:

"राम कृष्ण हरी.
आमचे वडील वै. (नाव) यांचे (तारीख) रोजी निधन झाले. त्या रात्रीपासून तेरवीपर्यंत आपण आम्हाला एकटं पडू दिलं नाही. कुणी दवाखान्यात रात्र काढली, कुणी भर पावसात मातीला आलं, कुणी लांबून गाडी करून भेटायला आलं. ज्यांना येणं जमलं नाही त्यांनी फोन करून आईची विचारपूस केली. आमच्या घरात चूल पेटेपर्यंत भावकीने आणि शेजाऱ्यांनी दोन्ही वेळची भाकरी पुरवली. वापसा असताना स्वतःचं काम थांबवून आमचं रान पेरून दिलं. हे आम्ही विसरणार नाही. आम्ही आपल्या ऋणात आहोत.
श्रीमती (आईचे नाव), (मुलगा व सून), (मुलगी व जावई) आणि समस्त (आडनाव) परिवार, मु. पो. (गाव), ता. औसा"

यात मदत करणाऱ्या एकाही माणसाचं नाव नाही, आणि ते मुद्दाम. सामाईक मजकुरात दहा नावं घातली की अकरावा रुसतो. तो अकरावा बहुतेक वेळा सगळ्यात जवळचा निघतो, कारण त्याचं नाव "ते तर घरचेच" म्हणून सुटलेलं असतं. नावांऐवजी कामं लिहिली की ज्याने त्याने आपलं काम ओळखावं. पावसाचा, वापशाचा, दवाखान्यातल्या रात्रीचा उल्लेख आल्यामुळे मजकूर याच घरचा वाटतो, छापील वाटत नाही. तुमच्या घरी मृत्यू फेब्रुवारीत झाला असेल तर तिथे हरभऱ्याची काढणी येईल, शहरात झाला असेल तर अपार्टमेंटमधल्या शेजाऱ्यांनी लिफ्ट रोखून धरली ते येईल. अशी दोन-तीन खरी कामं पुरतात.

पैशाच्या मदतीचा उल्लेख सामाईक निरोपात करायचा नाही, नाव न घेताही नाही. "आर्थिक सहकार्य" हे दोन शब्द वाचले की कुणी किती दिले याचा अंदाज गावात दुसऱ्या दिवशी सुरू होतो.

खालच्या नावांत आई पहिली असावी. "शोकाकुल" हा शब्द निधनाच्या बातमीत शोभतो, इथे नुसती नावं पुरेत. मुलगी आणि जावई यांची नावं गाळण्याची जुनी सवय आहे, ती मोडावी असं माझं मत आहे. तेरा दिवस घर बहिणीने सांभाळलेलं असतं आणि पत्राखाली फक्त भावांची नावं असतात, हे बरं दिसत नाही. आईच्या नावाआधी "गं. भा." लिहायचं का, हे आईलाच विचारा. अनेकींना ते आता नको असतं, "श्रीमती" चालतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हापासून याबद्दल आपल्याकडच्या खेड्यांतही मोकळेपणाने बोललं जातं.

घराप्रमाणे बदलणारी सुरुवात

वरचा नमुना माळकरी घराचा आहे, म्हणून "राम कृष्ण हरी" आणि "वै." आलं. लिंगायत घर असेल तर सुरुवातीला "शरणु शरणार्थी" येतं आणि "निधन झाले"च्या जागी "लिंगैक्य झाले" किंवा "शिवैक्य झाले". बौद्ध घरात "जय भीम" किंवा "नमो बुद्धाय", नावाआधी "कालकथित", आणि तेरवीच्या जागी जलदान विधी किंवा पुण्यानुमोदन. तिथे "कै." किंवा "स्वर्गीय" लिहिलं तर ती नुसती शब्दाची चूक राहत नाही, घरच्यांच्या श्रद्धेचा अपमान वाटतो. मुस्लिम घरात नावाआधी "मरहूम" लिहितात. मजकूर कुणी मित्र लिहून देत असेल तर हे आधी विचारून घ्यावं, कारण तो आपल्या घरची सवय नकळत घालतो.

पत्राच्या माथ्यावर "॥ श्री ॥" घालावं का, यावर घरोघरी दोन मतं निघतात. निधन कळवणाऱ्या पोस्टकार्डावर "श्री" लिहीत नसत आणि ते कार्ड वाचून झालं की फाडून टाकत, हे जुन्या लोकांना पक्कं आठवतं. ऋणपत्र सुतकानंतरचं असल्याने तेवढं कडक नाही, पण वाद नको असेल तर नमस्काराने सुरुवात करावी.

भाकरी देणाऱ्यांना वेगळं पत्र

ज्यांनी तेरा दिवस अंगावर काम घेतलं, त्यांना सामाईक मेसेज पुरत नाही. अशी घरं सहसा पाच-सातच असतात. त्यांना वेगळं लिहायचं, चार-सहा ओळी, बोलतो तशा भाषेत. इथे "आभार" हा शब्द टाळलेला बरा. चुलतीला "आपले आभारी आहोत" लिहिलं तर ती म्हणेल, पोरगं पुण्याला गेलं आणि परकं झालं. तिला "आपण"ही लिहू नका, घरात जे म्हणता तेच लिहा.

"काकू,
आबा गेले त्या दिवसापासून तुम्ही आमच्या घरात भाकरी कमी पडू दिली नाही. पहाटेच तुमच्या चुलीवर तवा चढायचा, हे मला ताईने सांगितलं. आई सुरुवातीला अन्नाला हातच लावत नव्हती. मग तुम्ही तिच्याजवळ बसून अर्धी भाकरी दुधात कुस्करून तिला चारलीत, ते मी दारातून पाहिलं. त्यानंतर ती थोडं थोडं जेवायला लागली. तुमची दोन पातेली आणि टोपलं ताई आणून देईल. दिवाळीला आलो की तुमच्याकडेच आधी येतो."

या पत्राचा जीव त्या दुधात कुस्करलेल्या भाकरीत आहे. प्रत्येक पत्रात अशी एक तरी गोष्ट हवी, जी दुसऱ्या कुणाला पाठवताच येणार नाही. ती सापडत नसेल तर त्या माणसाने काय केलं हे तुम्हाला अजून नीट कळलेलं नाही. अशा वेळी परत बहिणीला फोन करा. आईबद्दलचं वाक्य मात्र आईला विचारल्याशिवाय लिहू नये. तिचं न जेवणं गावभर व्हावं असं तिला वाटत नसेल.

पत्रात आणखी लांब जाऊ नये. वडिलांच्या आठवणी, स्वतःचं दुःख, "आता आमचं कसं होणार" हे लिहीत गेलं की वाचणाऱ्यावर पुन्हा सांत्वनाचं ओझं येतं. ते काम त्यांनी तेरा दिवस केलेलं असतं.

काकूंना वाचता येत नसेल तर पत्र त्यांच्या नातीच्या नावे पाठवू नका. काकूंनाच पाठवा आणि नातीला फोन करून वाचून दाखवायला सांगा. आवाजी मेसेजही चालतो, उलट अनेक बायकांना तो जास्त आवडतो. फक्त तो एका मिनिटात संपवावा आणि आधी कागदावर लिहून मग बोलावा, नाहीतर कंठ दाटला की सांगायचं राहून जातं.

जिथे पैशाचाही हिशेब आहे

आमच्या उदाहरणात शेजारच्या दादांनी मुलाचं रान पेरलं. स्वतःची तिफण थांबवून ट्रॅक्टर आधी इकडे घातला, कारण वापसा गेला असता तर सोयाबीन उगवलं नसतं. सोयाबीनच्या बॅगा, खत आणि डिझेल त्यांच्या खिशातून गेलं. अशा ठिकाणी आधी हिशेब मिटवायचा, मग पत्र लिहायचं. फोन करून किंवा समोर बसून "बियाण्याचं आणि डिझेलचं किती झालं" हे विचारायचं. ते "राहू दे रे" म्हणतील, तरी दुकानाची पावती पाहून पैसे द्यायचे. पत्रात पैशाचं अवाक्षरही नको. फक्त एवढं:

"दादा, वापसा होता आणि तुमचंही रान पडलं होतं, तरी तिफण आधी आमच्यात घातलीत. आई म्हणते सोयाबीन चांगलं उगवलंय. आबा असते तर बांधावर उभे राहून तुमच्याशी बोलत बसले असते."

पैसे दिल्याशिवाय गेलेलं गोड पत्र लोकांना लगेच कळतं, आणि ते वाचून माणूस मनातून उतरतो. मातीच्या वेळी कुणी हातउसने दिले असतील, तर त्यांनाही हाच क्रम लावावा.

पाठवताना

सामाईक निरोप व्हॉट्सअॅपवरच जातो. भावकीच्या ग्रुपवर टाकला की पन्नास जण हात जोडतात आणि काम झाल्यासारखं वाटतं, पण सासरवाडी, आईचं माहेर, वडिलांचे मित्र त्या ग्रुपवर नसतात. त्यांच्यासाठी ब्रॉडकास्ट लिस्ट करावी. तिच्यात एक अडचण आहे: ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह नाही, त्यांना ब्रॉडकास्टचा मेसेज पोचतच नाही, आणि तुम्हाला ते कळतही नाही. वडिलांच्या ओळखीच्या लोकांकडे नंबर सेव्ह असतो तो वडिलांचा, तुमचा नाही. अशांना एकेक करून पाठवावं लागतं.

म्हणून काही जण वडिलांच्याच फोनवरून मेसेज पाठवतात. तसं करू नका. समोरच्याला गेलेल्या माणसाचा फोटो आणि नाव घेऊन मेसेज येतो आणि तो हादरतो. वडिलांच्या फोनमधून नंबर फक्त उतरवून घ्या, मेसेज आपल्या फोनवरून पाठवा आणि पहिल्या ओळीत "मी (वडिलांचे नाव) यांचा मुलगा" असं लिहा.

मेसेजखाली हात जोडल्याची खूण पुरे. फुलं, ज्योत, पांढरी कबुतरं काही नकोत. "आकस्मित" नव्हे, "आकस्मिक", आणि "दुःख" लिहिताना विसर्ग, एवढं पाहून घ्या. ज्या मावशी-आत्यांकडे साधाच फोन आहे, त्यांना पोस्टकार्ड अजूनही जातं. पोस्टकार्ड वाटेत चार जण वाचतात हे धरूनच ते लिहावं.

वर्तमानपत्रात "ऋणनिर्देश" द्यायचा असेल तर जिल्हा आवृत्तीत द्या, दर कॉलम आणि सेंटीमीटरवर असतो, तो आधी विचारा. छापण्याआधी प्रूफ स्वतः वाचा. टायपिंग करणारे मागच्या जाहिरातीवरच नवं नाव घालतात आणि खालची नावं कधी कधी आधीच्या घरची राहून जातात.

राहून गेलेली माणसं

यादी कितीही नीट केली तरी कुणीतरी सुटतंच, आणि महिन्या-दोन महिन्यांनी कानावर येतं, "आम्हाला काही आलं नाही बाबा." त्यावर लेखी उत्तर देऊ नये, मेसेज तर नाहीच. पुढच्या फेरीला गावी गेलात की थेट त्यांच्या घरी जा, चहा घ्या आणि त्यांनी केलेलं काम त्यांच्या तोंडावर सांगा. "राहून गेलं" याची कारणं देत बसू नका.

मजुरी घेऊन काम केलेली माणसंही अशीच सुटतात. दहाव्याला केस काढणारे, लाकडं फोडून देणारे, मांडववाल्याकडची पोरं, स्वयंपाकाला लावलेल्या बाया. त्यांचे पैसे दिलेले असतात, म्हणून त्यांचा विचार संपतो. त्यांना पत्र लिहिलंच पाहिजे असं नाही. पण त्यांची मजुरी बाकी राहिली नाही ना, हे तेरवीच्या दुसऱ्या दिवशीच पाहावं, आणि देताना दुसऱ्याच्या हाताने न देता आपल्या हाताने द्यावी.